रूट कॅनालला किती सीटिंग लागतात?

सहा वर्षांपूर्वी मी सलग अकरा गुरुवार दाताच्या डॉक्टरकडे जात होतो. निदान घरी तरी तसंच सांगत होतो. खरं म्हणजे माटुंग्याला एका समुपदेशकांकडे जायचो, पाऊण तास बसायचो आणि येताना कधी फुलं, कधी इडलीचं पीठ घेऊन घरी यायचो. बायकोला ठाऊक होतं. आईला नव्हतं. आठव्या की नवव्या गुरुवारी आईने ताट वाढता वाढता विचारलं, "एका दाढेच्या रूट कॅनालला सीटिंग तरी किती लागतात रे? त्यापेक्षा काढूनच टाका म्हणावं." मी मान डोलावली आणि त्या दिवशी मुद्दाम एकाच बाजूने जेवलो.

हे आधी सांगायचं कारण असं, की गेल्या वर्षी परळच्या एका समुपदेशन केंद्राची टॅगलाइन लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा माझ्याकडे अनुभवाचं भांडवल होतं ते एवढंच. मी जाहिरातीतला माणूस. मसाले, बिल्डर, बँकेची ठेव योजना, लग्नाचे हॉल असं सगळं लिहून झालेलं. केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी पहिल्या भेटीत सांगितलं, "इथे येणं साधं वाटलं पाहिजे, आणि येणाऱ्याला कमीपणा वाटता कामा नये." मी वहीत लिहून घेतलं आणि म्हटलं, शनिवारपर्यंत देतो. शेवटी सात आठवडे लागले.

वाक्य सोपं वाटलं तरी त्यातल्या दोन मागण्या एकमेकींना ओढतात. साधं करायला गेलं की भाषा घसरते, 'टेन्शन आलंय? टपकून जा' असल्या वळणाला जाते. मान द्यायला गेलं की संस्कृत अंगात येतं, 'मनःस्वास्थ्य संवर्धनार्थ' वगैरे, आणि पाटी एखाद्या ट्रस्टच्या कोनशिलेसारखी दिसायला लागते. पहिल्या शनिवारी मी चौदा ओळी घेऊन गेलो. मॅडमनी वाचल्या, चष्मा काढला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. ओळ होती, 'मदत मागायलाही हिंमत लागते.' मला ती आवडली होती.

"चष्म्याचा नंबर काढायला जाणाऱ्याला आपण शूर म्हणतो का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणत. हिंमत, ताकद, पहिलं पाऊल, लढा हे शब्द आले की येणाऱ्याला आधीच कळतं, की हे काम अवघड आहे आणि लोक आपल्याकडे बघणार आहेत. कौतुक केलं की गोष्ट साधी राहत नाही. चौदातल्या पाच ओळी तिथेच गेल्या.

दुसरी एक ओळ मी सुरक्षित म्हणून ठेवली होती: 'तुमचं बोलणं आमच्यापाशीच राहील.' यात वावगं काय? गोपनीयता तर खरीच आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही तो हक्क लिहिलेला आहे आणि केंद्रात पहिल्या भेटीच्या फॉर्मवर त्याचा परिच्छेद असतो. मॅडम म्हणाल्या, "लोकलच्या डब्यात दाराशी चिकटवलेले कागद आठवा. नाव गुप्त ठेवले जाईल. ते कशाचे असतात?" गुप्तरोगाचे, वशीकरणाचे, दारू सोडवणाऱ्या बाबांचे. मुंबईच्या माणसाने हे शब्द आयुष्यभर त्याच कागदांवर वाचले आहेत. गोपनीयतेचं वचन आतल्या फॉर्मवर विश्वास देतं, आणि तेच पाटीवर चढलं की इथे लपवण्यासारखं काहीतरी चालतं असं सांगतं. वकील किंवा सीए आपल्या पाटीवर 'तुमची माहिती बाहेर जाणार नाही' असं लिहीत नाहीत. ती जायची नसते, हे धरूनच चालायचं असतं.

तिसरी ओळ कोणती होती ते सांगायची लाज वाटते. 'इथे वेडे येत नाहीत, तुमच्या-आमच्यासारखे येतात.' लिहिताना फार धीट वाटली होती. मॅडम काही बोलल्या नाहीत, रिसेप्शनवरच्या ताईंनी मात्र वाचली आणि म्हणाल्या, "माझा भाऊ दहा वर्षं गोळ्या घेतोय. तो कोणासारखा?" ती ओळ मी त्यांच्यासमोरच खोडली. काही नाकारायचं म्हणून जो शब्द पाटीवर लिहाल, तोच शब्द रस्त्यावरून जाणारा वाचतो.

मग प्रश्न आला खुद्द 'समुपदेशन' या शब्दाचा. केंद्राचं नाव इथे देत नाही, पण त्यात तो शब्द होता आणि राहणार होता. 'काउन्सेलिंग' लिहू का, असं मी सुचवून पाहिलं. पाटी देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असावी हा दुकानांना आणि आस्थापनांना लागू असलेला नियम तोही शब्द देवनागरीत लिहिला तर पाळला जातो. पण मुंबईत काउन्सेलिंग म्हटलं की निम्म्या लोकांना वांद्र्याचं कुटुंब न्यायालय आठवतं, घटस्फोटाच्या अर्जानंतर समोर बसवतात ते. उरलेल्यांना बारावीनंतरचे प्रवेश. 'मनाचा दवाखाना' मॅडमना चालणारच नव्हता, कारण त्या औषध देत नाहीत. औषधाची गरज दिसली की मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देतात. दवाखाना म्हटलं की माणूस गोळी मागणार आणि ती नाही मिळाली की फसवलं म्हणणार.

म्हणजे 'समुपदेशन' राहिलंच. आता हा शब्द हळूच वाचून बघा. त्यात पोटाशी काय आहे? उपदेश. ताईंनी सांगितलं, एक आजोबा पाटी वाचून वर आले होते आणि विचारत होते, प्रवचन किती वाजता आहे. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. जो माणूस आधीच घरच्यांचं 'मनाला लावून घेऊ नकोस', 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' ऐकून आलाय, त्याला वाटतं की इथे पैसे भरून तेच ऐकायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की टॅगलाइनला नेमकं कोणतं काम आहे. नाव म्हणतंय उपदेश, तर खालच्या ओळीने सांगायला हवं की बोलणं दोन्ही बाजूंनी होईल.

पुढचे दोन आठवडे मी ओळी लिहिणं बंद केलं. केंद्रात येणाऱ्यांना बघायला किंवा भेटायला मॅडमनी साफ मनाई केली होती, वेटिंगमध्ये बसायचंही नाही. ते बरोबरच होतं. पण फोन आला की समोरचा पहिलं वाक्य काय बोलतो, एवढं ताई लिहून ठेवतील, नाव-गाव-नंबर काही नाही, असं ठरलं. पंधरा दिवसांत एकतीस वाक्यं जमली. कागद अजून माझ्याकडे आहे. काही अशी होती:

"मैत्रिणीसाठी विचारत होते."

"तुमच्याकडे झोपेचं बघतात का?"

"मुलगा अभ्यासाला बसत नाही, म्हणजे बसतो पण उठत नाही."

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत."

"मॅडमची वेळ मिळेल का, पण घाई नाही काही."

एकतीसपैकी एकाही वाक्यात मन हा शब्द नव्हता, ना नैराश्य, ना चिंता. झोप होती, धडधड होती, मुलगा होता, मैत्रीण होती. आणि आम्ही जाहिरातवाले मात्र मनाशिवाय एक पाऊल टाकत नाही. मनाचा कोपरा, मनाची खिडकी, मनमोकळं, मनापासून. मी माझ्या यादीतून मन काढून टाकलं. फोन करणाऱ्याने जे अजून स्वतःशीही म्हटलेलं नाही, ते पाटीने त्याच्या अंगावर कशाला टाकायचं?

शेवटच्या वाक्यातला 'वेळ मिळेल का' हा प्रकार एकतीसमध्ये बारा वेळा होता. त्यावर मी तेव्हा फक्त गोल केला होता.

मग मी क्रियापदाकडे वळलो. मराठीत कोणाला काही सांगायचं म्हटलं की आधी ठरवावं लागतं, तू की तुम्ही. 'बोल' म्हणावं तर वीस वर्षांच्या मुलाला जवळचं वाटेल आणि साठीच्या गृहस्थांना उर्मट. 'बोला' म्हणावं तर आदर आहे, पण बँकेच्या खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणतो ते 'बोला' कानात वाजतं. शिवाय दोन्हींत बोलणार तो एकटाच, आपण नुसते ऐकणार किंवा तपासणार. 'बोलू' यात मात्र तू-तुम्हीची भानगड नाही आणि दोघेही आत आहेत. कोण आजारी, कोण शहाणा, हे त्या रूपातून कळतच नाही. उपदेशाला उत्तर म्हणून मला हे एक 'बोलू' पुरेसं वाटलं. आता त्याच्या आधी काय?

पहिला मान 'बसून बोलू' ला मिळाला आणि मी खूश झालो. आपल्याकडे महत्त्वाचं काही असलं की बसून बोलतात. लग्नाची बैठक, जागेची वाटणी, भावाभावांतला तंटा. आल्यागेल्याला आपण आधी 'बसा' म्हणतो, त्यात मानही आला. मॅडमनाही पटलं. म्हटलं, आता चाचणी घेऊ. केंद्राच्या खाली झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे काम करणाऱ्या तीन पोरांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. तिघे एकमेकांकडे बघून हसले. एकाने विचारलं, "काका, चकणा पण देणार का?"

आमच्या घरात बसणं म्हणजे बसणं. पण मुंबईतल्या पोरांत 'आज बसू या का' याचा अर्थ एकच. मॅडमच्या भाषेत सांगायचं तर पिणं सोडायला येणाऱ्यांची संख्याही केंद्रात बऱ्यापैकी आहे. त्यांनी त्या पाटीखालून वर कसं जायचं? ओळ संपली.

'बोलून बघू' ही दुसरी. ही मला अजूनही आवडते, कारण तिच्यात बरं करण्याचं आश्वासन नाही. समुपदेशनात ते देताही येत नाही, आणि जाहिरातीत 'हसू परत आणू' असं लिहिणाऱ्यांनी ते कुठून आणणार हेही लिहावं. 'बोलून बघू' म्हणजे प्रयत्न करू, एवढंच. पण ताई म्हणाल्या, "सरकारी ऑफिसात बघू म्हणतात ते काम होतं का कधी?" झालं. बघू म्हणजे नाही, हे आपल्याला शाळेत न शिकवता येतं.

त्या संध्याकाळी केईएमच्या समोरून चालत परळ स्टेशनकडे निघालो होतो. फाटकातून केसपेपर हातात धरलेले लोक येत होते, कोणी एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून, कोणी डब्याची पिशवी घेऊन. कोणीही काही लपवत नव्हतं. एक बाई फोनवर सांगत होती, "नाही गं, आज नाही झालं, गुरुवारची वेळ दिलीय." त्यावर मला माझे गुरुवार आठवले. दाताचा डॉक्टर हे खोटं मी का निवडलं होतं? कारण दाताच्या डॉक्टरची वेळ घेतात. वेळ घेणं प्रतिष्ठेचं आहे. वकिलाची वेळ घेतात, सर्जनची घेतात, लग्नाच्या हॉलचीही घेतात. 'सहाची वेळ घेतलीय' म्हटलं की आईही पुढे काही विचारत नाही, उलट म्हणते, "मग नीघ, उशीर होईल."

घरी येऊन तो कागद काढला. बारा गोल दिसले. 'वेळ घेऊन बोलू' एवढंच लिहिलं.

यात 'वेळ घेऊन' चे दोन अर्थ आपोआप येतात. एक, आधी ठरवून, अपॉइंटमेंट घेऊन. दुसरा, घाई न करता, हवा तेवढा वेळ घेऊन. पहिल्याने मान येतो, दुसऱ्याने धीर. आणि तिन्ही शब्दांत आजाराचा पत्ता नाही. घरातून निघताना, चप्पल घालता घालता, दारातून मागे वळून म्हणता येईल का, ही मी माझी शेवटची चाचणी ठेवली होती. 'हिंमत करायला चाललोय' असं कोणी म्हणणार नाही. 'वेळ घेतलीय, बोलून येतो' असं म्हणता येतं, आणि ते खोटं नसतं.

झेरॉक्सच्या पोरांना पुन्हा दाखवलं. एक म्हणाला, "वकिलाचं ऑफिस आहे काय?" मी म्हटलं, चालेल. मॅडमही हसल्या.

मोजमापाच्या बाबतीतही ओळ सोयीची निघाली. केंद्रातून आठवणीचा एसएमएस जातो. देवनागरीत लिहिलेल्या एसएमएसमध्ये एका संदेशाला ७० अक्षरं मिळतात, रोमनमध्ये १६० मिळतात तशी नाहीत, आणि काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजली जाते. 'वेळ घेऊन बोलू' ला मधल्या जागा धरून तेरा लागतात. म्हणजे वार, तास आणि केंद्राचं नाव मावतं. मॅडमनी मात्र एसएमएसमधून 'समुपदेशन' काढून नुसतं लहान नाव ठेवलं, कारण तो संदेश कुलूप लावलेल्या फोनवरही दिसतो आणि फोन जेवणाच्या टेबलावर पालथा ठेवायची सवय सगळ्यांना नसते. पाटीवर उघड राहायचं आणि माणसाच्या फोनवर मात्र त्याच्या मर्जीने, हा फरक मला सुचला नसता.

पाटी रंगवणाऱ्याने 'बोलू' च्या ऊकाराला खाली जागा सोडली नाही म्हणून एकदा परत केली. ते सोडून देऊ. खरी चूक माझी होती आणि ती मला पाटी लागल्यावर कळली.

फ्लेक्स तयार झाला, जिन्याच्या तोंडाशी लावला. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच. म्हणाल्या, "रात्री अकराला एखादा खाली उभा राहिला आणि त्याला आत्ता बोलायचं असेल, तर आपली पाटी त्याला काय सांगते?" मी गप्प. आपली पाटी त्याला सांगते की वेळ घेऊन ये. मी ज्या दोन अर्थांवर सात आठवडे खूश होत होतो, त्यातला पहिला अर्थ एका माणसासाठी बंद दार होता. ज्याला जीव नकोसा झालाय, त्याला गुरुवारी सहाची वेळ देऊन काय उपयोग?

ओळ बदलायची का, यावर आम्ही तासभर बोललो. बदलली नाही. एकाच ओळीने रोजच्या माणसाला साधं वाटायला लावायचं आणि संकटातल्यालाही धरायचं, हे होत नाही, त्या दोन वेगळ्या पाट्या असतात. म्हणून खाली, अर्ध्या उंचीच्या पण जिन्यातल्या दिव्यात वाचता येतील अशा अक्षरांत दुसरी ओळ आली: 'आत्ता बोलायचं असेल तर १४४१६, टेलि-मानस, २४ तास.' हा सरकारचा मोफत नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, मराठीतही बोलता येतं. छापण्याआधी मी स्वतः रात्री तो लावून पाहिला, मराठी निवडलं, उचलणाऱ्या व्यक्तीला सांगितलं की पाटीवर छापायचा आहे म्हणून खात्री करतोय, आणि लगेच ठेवला. त्यांची लाइन अडवायची नव्हती. नवीन फ्लेक्सचे पैसे मी दिले. मॅडम नको म्हणत होत्या, पण चूक माझी होती.

पाटीने माणसं वाढली का, असं मला धंद्यातले लोक विचारतात. मला सांगता येणार नाही, आणि मॅडम आकडे देत नाहीत. परवा ताईंशी बोलताना एवढं कळलं की 'मैत्रिणीसाठी विचारत होते' अजूनही येतंच, त्यात काही फरक नाही. आणि फोनवर लोक ओळ चुकीची सांगतात. "तुमचं ते 'वेळ काढून बोलू' ना?" असं विचारतात. मी जरा वैतागलो. वेळ काढणं म्हणजे सवड काढणं, किंवा त्याहून वाईट, नुसते दिवस ढकलणं. त्यात अपॉइंटमेंटही नाही आणि निवांतपणाही नाही. 'घेऊन' साठी मी किती कागद फाडले होते! ताईंना म्हटलं, तुम्ही दुरुस्त करून सांगत जा.

"मी नाही सांगत," त्या म्हणाल्या. "मी म्हणते, हो तेच, कधीची वेळ देऊ?"